अर्ध्या ओलीचा तास

*"ताई, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३. केस खांद्याच्या खाली, दाट आणि कुरळे. सकाळी सहाला न्हाते आणि आठला स्कूटीवर निघते, १८ किलोमीटरवर शाळेत शिकवायला जाते. केस तसेच सुकू दिले तर टाळूला चपटे बसतात आणि वरून पिंजारतात. मावसबहिणीनं ड्रायर दिला, सोबत त्याच्या तोंडावर बसवायची छिद्रांची वाटी, म्हणजे डिफ्यूझर. तो लावला तर केस आणखीच फुलले, सरकी काढलेल्या कापसासारखे. आई म्हणते, 'त्या मशीननं केस जयतात पोरी, ठेवून दे.' पावसाळा तोंडावर आहे. डिफ्यूझर वापरू, की वाऱ्यावरच सुकू देऊ?"*

पोरी, खोट तुझ्या ड्रायरमध्ये नाही आणि वाऱ्यातही नाही. दाट कुरळे केस पावसाळ्यात दोन तासांत सुकतच नाहीत. तू घरातून निघतेस तेव्हा ते अर्धे ओले असतात. त्याच अवस्थेत त्यांच्यावर स्कार्फ आवळला जातो, वर हेल्मेट बसतं आणि खालून सुटलेल्या बटांना शाळेपर्यंत वारा झोडपतो. केस पिंजारतात ते तिथे. म्हणून आधी न्हायची वेळ बदल. पावसाळ्यात संध्याकाळी न्हा आणि डिफ्यूझर लाव. होळीपासून मृग लागेपर्यंत डिफ्यूझर कपाटात ठेव आणि सावलीत केस आपोआप सुकू दे. हे असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ते समजलं की ढगाळ दिवशी किंवा लाईन गेल्यावर काय करायचं हे तुझं तुलाच ठरवता येईल.

ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी सरळ केसांनाही लाटा पडलेल्या असतात, हे तू लहानपणापासून पाहिलं असशील. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यातल्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे काही बंध पाण्यानं सुटतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. केस भिजला की हे बंध मोकळे होतात, केस फुगतो, मऊ पडतो. पाणी निघून जायला लागलं की ते पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या ठेवणीत असेल त्याच ठेवणीत जुळतात. पुन्हा ओल लागेपर्यंत तीच ठेवण राहते.

यातला कळीचा काळ कोणता ते बघ. केसांतून पाणी टपकत असतं तेव्हा अजून काही ठरलेलं नसतं. तेव्हा तू विंचर, दाब, काही बिघडत नाही. पूर्ण सुकल्यावर सगळं ठरून गेलेलं असतं. मधला काळ नाजूक असतो. टपकणं थांबलेलं असतं, हाताला केस गार लागतात, पण कोरडे नसतात. मी त्याला अर्ध्या ओलीचा तास म्हणते. कुरळी बट सुबक दिसते ती तिच्यातले पुष्कळ केस एकमेकांना चिकटून एकाच वळणानं बसतात म्हणून. पाण्यानं ते चिकटलेले असतात. अर्ध्या ओलीत कुणी बोटं घातली, टॉवेल घासला, जोराचा वारा लागला, की बट फुटते. मग प्रत्येक केस आपापल्या वळणानं सुकतो. आपण 'पिंजारले' म्हणतो ते हेच. म्हणून डिफ्यूझर चांगला की वारा चांगला, असा विचार करूच नकोस. आज हा तास कुठल्या रीतीनं न हलता, न घासता पार पडेल, तेवढं बघायचं.

डिफ्यूझर नेमकं काय करतो तेही सांगते. ड्रायरच्या तोंडातून हवा एका झोतात निघते आणि तो झोत बट फोडतो. डिफ्यूझरच्या वाटीत तीच हवा पुष्कळ छिद्रांत वाटली जाते. त्यामुळे तिचा जोर कमी होतो, उष्णता मात्र पोचते. वाटीतले बोटांसारखे दांडे केस टाळूपासून थोडे उचलून धरतात, म्हणून मुळाशी हवा खेळते. वाऱ्यावर सुकताना याच्या उलट होतं. पाण्याचं वजन तासन् तास बटांना खाली ओढत राहतं आणि केस टाळूला चपटे बसतात. तुझ्या तक्रारीतला तो भाग वाऱ्यावर कितीही काळजीनं सुकवलंस तरी थोडाफार राहणारच.

आता आईचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नकोस. जवळून, जास्त तापमानावर, एकाच जागी धरलेला ड्रायर केसांचं वरचं कवच खरंच तडकवतो. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांचे झुबके ३० वेळा धुऊन सुकवून पाहिले. ५ सेंटीमीटरवरून ड्रायर मारलेल्या केसांवर तापमान ९५ अंशांवर गेलं आणि त्यांचं वरचं कवच सगळ्यात जास्त बिघडलं. १५ सेंटीमीटरवरून, हात हलता ठेवून सुकवलेल्यांवर ते ४७ अंशांच्या आसपास होतं. आणि जे झुबके आपोआप सुकू दिले होते त्यांचं कवच चांगलं राहिलं, पण केसाच्या आतल्या पेशींना जोडणारा पातळ थर बिघडलेला दिसला. तसं फक्त त्यांच्यातच दिसलं. केस फार वेळ भिजत राहणंही केसाला सोसत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ते प्रयोगशाळेतले झुबके होते, कुणाचं कुरळं डोकं नव्हतं, आणि डिफ्यूझरही लावलेला नव्हता. म्हणून यातून मी एवढंच घेते की अंतर आणि तापमान सांभाळलं तर ड्रायरला भिण्याचं कारण नाही. घरी तापमान मोजायला काही लागत नाही. चालू डिफ्यूझरसमोर हाताची मागची बाजू धर आणि सावकाश दहा आकडे मोज. हात काढावासा वाटला, तर तेवढी उष्णता केसांनाही नको.

मागच्या वर्षी माहेरी गेले होते तेव्हा भाचीच्या डोक्यावर आम्ही हे पडताळून पाहिलं. तिचे केस तुझ्यासारखेच आहेत, दाट आणि खांद्याखालचे. जुलैची संध्याकाळ होती, दिवसभर झड लागलेली, दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच. साडेसहाला ती न्हायली. कंडिशनर तेच, जेल तीच, मधोमध भांग. डावी बाजू तशीच मोकळी सोडली, उजव्या बाजूला डिफ्यूझर लावला. उजवी बाजू बोलत बोलत पाऊण तासात झाली. डावी बाजू रात्री अकरालाही मानेजवळ गार लागत होती आणि तिला झोप अनावर झाली, तशीच ती कुशीवर झोपली.

सकाळी फरक स्पष्ट दिसत होता. उजवीकडे मुळं उचललेली, बटा घट्ट, आणि लांबी दोन बोटं आखूड दिसत होती. डावीकडे खालच्या बटा लांब, सैल आणि खरं सांगायचं तर जास्त देखण्या होत्या, पण टाळू चपटा आणि उशीला लागलेला सगळा भाग पिंजारलेला. उजवीकडेही शेंडीजवळ एक फिस्कारलेला पट्टा होता. तो माझ्या हातानं झाला होता. सुकलं का बघायला मी तिथे तीनदा बोटं घातली होती.

यंदा मे महिन्यात तिनं पुन्हा तसंच करून पाहिलं. आकाश कोरं, बाहेर आग. डावी बाजू मधल्या खोलीत सव्वा तासात आपोआप सुकली आणि ती उजवीपेक्षा सरस निघाली. डिफ्यूझरच्या बाजूची टोकं कडक आणि रुक्ष झाली होती. त्या कोरड्या हवेत केसांतलं पाणी आपसूकच भराभर उडतं, त्यावर आणखी उष्णता ओतली की टोकं गरजेपेक्षा जास्त सुकतात. एकच डोकं, तीच जेल, तोच ड्रायर, आणि दहा महिन्यांत निकाल उलटा. तुला ऋतूप्रमाणे सांगितलं ते यावरूनच.

तू डिफ्यूझर लावलास तेव्हा केस फुलले, त्यात नवल नाही. बहुतेक मुली तो ड्रायरसारखाच डोक्यावर फिरवतात, जोर पूर्ण ठेवतात आणि दुसऱ्या हातानं केस मोकळे करत राहतात. माझी रीत सांगते. न्हाताना कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीनं गुंता काढून घे. त्यानंतर फणी नाही, ती थेट पुढच्या न्हाण्यापर्यंत. पाणी टपकत असतानाच जेल लाव. तुझ्या लांबीला साधारण दोन मोठे चमचे लागतील. अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला, तळहातांनी वरून खाली फिरव आणि मग केस मुठीत घेऊन खालून वर दाब. पचपच असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पाणी कमी पडलं, ओंजळभर आणखी घे. मग जुन्या सुती साडीच्या किंवा टीशर्टच्या कापडात केस धरून दाबून पाणी टिपून घे. टॉवेलनं झटकायचं नाही, पिळायचं तर नाहीच.

इथून अर्ध्या ओलीचा तास सुरू होतो. ड्रायरचा जोर सगळ्यात कमी ठेव, उष्णता मध्यम किंवा कमी. पहिली दहा-बारा मिनिटं वाटी केसांना लावूच नकोस. वितभर लांब धरून डोक्याभोवती हळूहळू फिरव, आधी मुळांकडे, मग खाली. एवढ्या वेळात जेल सुकून बटांवर कडक पापुद्रा धरायला लागते. हात न लावताही ते दिसतं, बटांची चकाकी ओल्या केसांसारखी राहत नाही आणि त्या हलल्या तरी मोडत नाहीत. हा पापुद्रा धरायच्या आत वाटी लावली की दांडे बट फोडतात. बहुतेकींचं बिनसतं ते इथेच.

पापुद्रा धरला की ड्रायर बंद कर. डोकं एका बाजूला कलव, खालची बट वाटीत गोळा कर, वाटी हळू वर टाळूपर्यंत ने, आणि मग चालू कर. अर्धा-पाऊण मिनिट स्थिर धर. बंद कर, वाटी खाली ने, पुढची बट घे. चालू-बंद करण्याचा कंटाळा येतो, पण वाटी काढता-घालताना हवा चालू असली तर तीच हवा बटा उधळते. तुझ्या दाटीच्या केसांना एकेका बाजूला पंधरा-वीस मिनिटं लागतील. मानेवरचा थर सगळ्यात शेवटी सुकतो, त्याला वेगळा वेळ दे.

थांबायचं कधी, हा खरा कसबाचा भाग. बटा बाहेरून कडक लागतात आणि बट मुठीत धरली की आत किंचित गारवा जाणवतो, तिथे थांब. साधारण दहा भागांपैकी नऊ भाग सुकलेलं असतं. ड्रायरवर गार हवेचं बटण असेल तर शेवटची दोन मिनिटं ती मार. उरलेलं आपोआप सुकू दे. पूर्ण सुकेपर्यंत डिफ्यूझर चालवलास तर टोकं भाजणीसारखी रुक्ष होतात. आणि पापुद्रा मोडायची घाई करू नकोस. केस पूर्ण कोरडे आणि गार झाले, की तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळ आणि बटा खालून वर मुठीत दाबत सोड. कडकपणा जातो, आकार राहतो. आत ओल असताना पापुद्रा मोडलास तर आधीची सगळी मेहनत त्याच मिनिटाला वाया जाते.

जेलसाठी विकतच्या बाटलीची गरज नाही. आपल्याकडे घरोघरी जवस असते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सात ते दहा मिनिटं उकळ, सतत हलवत राहा. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखं लिबलिबीत झालं की लगेच, गरम असतानाच, पातळ कापडातून गाळ. थंड झालं की ते बियांना सोडत नाही, मग कितीही पिळ. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फ्रिज नसेल तर त्या दिवसापुरतंच कर, पाऊण वाटी पाण्याला दीड-दोन चमचे जवस पुरते. आंबूस वास आला की फेकून दे. जवसाचा पापुद्रा नाजूक असतो, झडीच्या दिवसांत तो लवकर सैल पडतो. त्या महिनाभरापुरती विकतची घट्ट जेल घेतलीस तर मी नाही म्हणणार नाही. फक्त मागच्या यादीत ग्लिसरीन अगदी वर असेल तर ती पावसाळ्यात टाळ. ग्लिसरीन दमट हवेतून पाणी ओढतं आणि केस फुगतात.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणून पाण्याचंही बोलायला हवं. बोअरच्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यातले क्षार केसांवर बसतात. केस खरखरीत होतात आणि बटा एकमेकींना चिकटून राहत नाहीत. मग कसंही सुकव, पिंजारणारच. न्हाणं बोअरच्या पाण्यानं झालं तरी शेवटचे दोन-तीन तांबे योजनेच्या नळाच्या पाण्याचे घे. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस होऊन पत्रे धुऊन निघाले की पागोळ्यांचं पाणी स्वच्छ बादलीत धर, शेवटच्या धुण्याला त्याच्यासारखं पाणी नाही.

विजेचं आता. खेड्यात संध्याकाळी पंखा हळू फिरायला लागला की समज, ड्रायरही अर्ध्या ताकदीनं चालणार. दाब २३० ऐवजी १८० व्होल्टवर आला तर १२०० वॅटचा ड्रायर जेमतेम साडेसातशे वॅटचं काम करतो. त्यानं केसांचं काही वाईट होत नाही, उष्णता कमीच मिळते, फक्त वेळ दीडपट लागतो. म्हणून अंधार पडायच्या आत, साडेपाच-सहाला, न्हाऊन घेतलेलं बरं. घरच्या इन्व्हर्टरवर ड्रायर लावू नकोस, तो एवढा भार पेलत नाही. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवरही नको, १२०० वॅटचा ड्रायर पाच अँपिअरपेक्षा जास्त ओढतो आणि ती वायर तापते. मध्येच लाईन गेली तर घाबरू नकोस. पापुद्रा धरलेला असला तर केस मोकळे सोडून बसून राहा, हात लावू नको, बांधू नको. लाईन आली की उरलेलं कर. पापुद्रा धरायच्या आधीच गेली तर त्या रात्री वाऱ्यावरच सुकू दे आणि उशिरा झोप.

एक गोष्ट ड्रायरच्या मागच्या जाळीची. आपल्याकडे कापसाचे दिवस आले की घरभर तंतू उडतात आणि ते त्या जाळीत जाऊन बसतात. पुढे डिफ्यूझरनं हवा थोडी अडलेली असतेच, मागूनही अडली की आतली तार जास्त तापते, जळका वास येतो आणि ड्रायर आपोआप बंद पडतो. माझ्या पार्लरमध्ये एकदा ऐन लग्नसराईत हे झालं, तेव्हापासून दर आठवड्याला मी प्लग काढून दातांच्या जुन्या ब्रशनं जाळी साफ करते. डिफ्यूझर ड्रायरच्या तोंडावर घट्ट बसतो का तेही बघ. सैल असेल तर फटीतून हवा सुटते आणि वाटी ऐन वेळी केसांत गळून पडते. काही मुली डिफ्यूझर नसला की स्टीलची चाळणी धरतात. ते करू नकोस, स्टील तापतं आणि टाळूला चटका बसतो.

उन्हाळ्यात आपोआप सुकू दे म्हटलं, त्यालाही पथ्य आहे. जेल लावून, पाणी टिपून झालं की सावलीच्या खोलीत बस, उन्हात किंवा ओट्यावर नको. दुपारची झळ म्हणजे वाराच, तीही बटा फोडते. आणि कूलरसमोर तर बसूच नकोस. कूलरची हवा जोराची असते आणि ओली असते, म्हणजे केस सुकतही नाहीत आणि एका जागी राहतही नाहीत. अर्ध्या ओलीचा तास लांबतो आणि तो सगळा वाऱ्यात जातो, याहून वाईट जोडी नाही. छताचा पंखा एकवर चालेल. मुळं चपटी बसू नयेत म्हणून पहिल्या अर्ध्या तासात टाळूजवळ चार-पाच लहान चिमटे उभे लाव, मुळं उचलली जातील अशा बेतानं, आणि केस पूर्ण सुकल्यावरच ते हळूच काढ. थंडीत मी पहिला तास आपोआप सुकू देते आणि मग मुळांपुरता पंधरा मिनिटं डिफ्यूझर लावते.

रात्री न्हायल्यावर सकाळी केस ओले करायचे नाहीत. झोपताना डोक्याच्या अगदी वर सैल बुचडा बांध, रबरबँड नको, मऊ कापडाची पट्टी घे. उशीवर जुन्या गुळगुळीत सिल्कच्या किंवा नायलॉनच्या साडीचा तुकडा टाक, सुती अभ्र्यावर बटा घासल्या जातात. सकाळी बुचडा सोड, बोटांनी फक्त मुळं हलव. स्कार्फच्या आत तोच गुळगुळीत तुकडा बांध, मग वर हेल्मेट. कोरड्या केसांना हेल्मेटनं फारसं काही होत नाही, थोडे दबतात आणि शाळेत पोचल्यावर खाली वाकून झटकले की उठतात. आठवड्यातून दोनदा न्हाणं तुला पुरेल, मंगळवार आणि शनिवार म्हण.

तरीही पिंजारले तर कुठे पिंजारले ते बघ, जागेवरून चूक कळते. फक्त शेंडीजवळ आणि भांगाभोवती असेल तर सुकताना तिथे हात लागला. फक्त टोकांना असेल तर डिफ्यूझर जास्त वेळ धरला गेला, किंवा टोकं फाटलीत आणि बोटभर कापायची वेळ झाली. मानेवर असेल तर तो थर ओला असतानाच तू झोपलीस. आणि घरातून निघताना सगळं नीट होतं, पण झडीत तासाभरानं सगळीकडून फुललं, तर सुकवण्यात चूक नाही. कोरडा केसही दमट हवेतून पाणी घेतो आणि ते बंध पुन्हा सैल होतात. त्यावर डिफ्यूझरचा उपाय नाही. त्या दिवशी जेल थोडी वाढव, आणि तरीही फुलले तर अंबाडा बांधून मोकळी हो.

येत्या शनिवारी आधी अर्ध्या डोक्याचा प्रयोग करून बघ, भाचीसारखा. मधोमध भांग, दोन्हीकडे तेवढीच जेल, एकीकडे डिफ्यूझर, दुसरीकडे काहीच नाही. रविवारी सकाळी आईला पुढ्यात बसव आणि कुठली बाजू मशीनची ते ओळखायला सांग. हात लावून बघू दे, टोकंही चोळून बघू दे. त्या दिवशी केस कोरडेच असतील.